बेरजेत हरवलेली मुले

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या सीफर्ड या गावात प्रिंगल मॉर्गन नावाचे एक डॉक्टर होते. नोव्हेंबर १८९६ मध्ये त्यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एका चौदा वर्षांच्या मुलाची हकीकत छापली. मुलाचे नाव पर्सी. सात वर्षे शाळा झाली होती, शिकवण्या झाल्या होत्या, तरी त्याला अगदी साधे शब्दही धड लिहिता येत नव्हते. स्वतःचे नाव लिहितानाही अक्षरे मागेपुढे व्हायची आणि कुणी दाखवून दिले तरी चूक चटकन त्याच्या लक्षात यायची नाही. अंकात लिहिलेला ७ तो लगेच ओळखायचा; तोच अक्षरात लिहिला की अडायचा. आणि याच मुलाने ७४९ गुणिले ८६७ हा गुणाकार भराभर व बिनचूक करून दाखवला. त्याला काही वर्षे शिकवलेल्या मास्तरांचे मत डॉक्टरांनी टिपून ठेवले आहे: सगळे शिक्षण तोंडी असते, तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता.

लहान मुलांमधल्या वाचन-अक्षमतेचे, म्हणजे डिस्लेक्सियाचे, वैद्यकीय नियतकालिकात आलेले हे अगदी सुरुवातीचे वर्णन. या विषयावरच्या बहुतेक पुस्तकांत ते येते. पण त्यातला अर्धाच भाग पुढे चालत आला. पर्सीला वाचता येत नव्हते, हे सगळ्यांच्या लक्षात राहिले. मास्तरांनी त्याच्या बुद्धीबद्दल जे सांगितले, ते मागे पडले. पुढची अनेक दशके अध्ययन-अक्षमतेचा अभ्यास करणारे एका दालनात बसले आणि प्रज्ञावंत मुलांचा अभ्यास करणारे दुसऱ्या. एकच मूल दोन्ही दालनांत बसू शकते, हे न्यूयॉर्कच्या लेटा हॉलिंगवर्थ यांनी १९२३ मध्येच विशेष गुण आणि विशेष उणिवा यांवरच्या आपल्या पुस्तकात मांडले होते. तरी अमेरिकेत या मुलांवर सलग काम सुरू व्हायला १९७० चे दशक संपत यावे लागले. आज तिकडे या मुलांना ‘ट्वाइस एक्सेप्शनल’ म्हणतात. आपल्याकडे ‘दुहेरी विशेष’ हा शब्द वापरात येऊ लागला आहे, तोच मी इथे वापरतो.

असाधारण बुद्धीबरोबर स्वमग्नता, अतिचंचलता किंवा ऐकण्या-पाहण्याची अडचण असलेली मुलेही दुहेरी विशेषच. हे पुस्तक मात्र मुख्यतः एकाच जोडीबद्दल आहे: विचारशक्ती फार वरची आणि वाचन-लेखनाची यंत्रणा अडखळणारी. शाळेत सर्वांत सहज लपते ती ही जोडी, कारण शाळेला मुलाची विचारशक्ती दिसते ती त्याच्या वाचन-लेखनातूनच.

अमेरिकेतल्या सुझन बाऊम यांनी अशा मुलांचे तीन गट पाडले आहेत. पहिल्या गटातली मुले हुशार म्हणून ओळखली जातात आणि मोठ्या वर्गात गेल्यावर घसरू लागतात. तेव्हा त्यांची अडचण कुणी शोधत नाही, सगळे फक्त रागावतात. दुसऱ्या गटातल्या मुलांची अक्षमता ओळखली जाते, पण मग त्यांच्याकडे बघताना फक्त तीच दिसते. तिसऱ्या गटात बुद्धी अक्षमतेला झाकते आणि अक्षमता बुद्धीला. मूल साठ टक्क्यांच्या आसपास राहते, कुणालाच त्रास देत नाही, आणि कुणाच्याच यादीत येत नाही. माझ्या मते आपल्या शाळांमध्ये शोधायला हवा तो हा तिसरा गट. पहिल्या दोन गटांच्या बाबतीत निदान एक तरी तक्रार शाळेपर्यंत पोचते.

‘तारे जमीं पर’ हा चित्रपट २००७ मध्ये आला आणि डिस्लेक्सिया हा शब्द घराघरांत गेला. त्याचे श्रेय मी कमी करणार नाही. पण त्या चित्रपटाने पालकांच्या आणि शिक्षकांच्या मनात एक ठरावीक चित्रही बसवले: मूल सगळ्या विषयांत नापास होते, त्याला अक्षरे नाचताना दिसतात आणि हातात कुंचला असतो. साठ टक्के मिळवणारी, चित्रकला जेमतेम जमणारी, पण विज्ञानाच्या तासाला बाईंना निरुत्तर करणारी मुलगी या चित्रात बसत नाही. मग तिच्याबद्दल असे काही असेल, ही शंकाच कुणाला येत नाही.

आता एक मूल जवळून पाहू. हे उदाहरण मी तीन-चार मुलांच्या नोंदी मिसळून तयार केले आहे, त्यामुळे यातून कुणा एकाची ओळख पटणार नाही. आकडे हिशेबाला सोपे जावेत असे ठेवले आहेत, पण त्यांची ठेवण अशा मुलांच्या अहवालांत दिसते तशीच आहे.

सहावीतला मुलगा, मराठी माध्यम. वार्षिक परीक्षेत ६१ टक्के. प्रगतिपुस्तकातला शेरा: ‘हुशार आहे, पण आळशी. लेखनाकडे लक्ष द्यावे.’ आधीच्या दोन वर्षांचे शेरेही थोड्याफार फरकाने हेच. विज्ञानाच्या पेपरात तीन गुणांचा प्रश्न होता: माठातले पाणी थंड का राहते? त्याने लिहिले, ‘माठाला छिद्र असतात मनुन पाणी थंड राहत.’ एक गुण मिळाला. उत्तरपत्रिका तपासणाऱ्या बाईंची त्यात काही चूक नाही. कागदावर होते तेवढ्याला एकच गुण देता येतो.

तोच प्रश्न त्याला समोर बसवून तोंडी विचारला. तो म्हणाला, माठाच्या भिंतीतून पाणी झिरपून बाहेर येते आणि त्याची वाफ होते. वाफ व्हायला उष्णता लागते, ती आतल्या पाण्यातून घेतली जाते, म्हणून आतले पाणी गार होते. इथपर्यंत पुस्तकातले झाले. मग तो स्वतःच पुढे गेला. ‘पण आजोळी रत्नागिरीला पावसाळ्यात माठ तेवढा गार नसतो. हवेत आर्द्रता जास्त असते ना, मग बाहेर वाफ व्हायला जागाच नाही. नागपूरला उन्हाळ्यात सगळ्यात गार होत असेल.’ हा निष्कर्ष त्याच्या पुस्तकात नव्हता. तो त्याने स्वतः काढला होता आणि तो बरोबर होता. तोंडी उत्तराला तीनपैकी तीन देऊनही हिशेब पुरा होत नाही.

एक बारकावा पाहण्यासारखा आहे. तोंडी बोलताना तो ‘आर्द्रता’ हा शब्द सहज वापरतो. लिहायला सांगितले की लिहितो ‘ओल’. का, म्हणून विचारले तर म्हणतो, ‘तो शब्द लिहायला नको वाटतो.’ ही मुले विचार करून शब्द निवडतात, पण आशयाला नेमका बसणारा शब्द निवडत नाहीत, लिहिता येईल तो निवडतात. त्यामुळे त्यांच्या निबंधातली भाषा त्यांच्या वयाहून लहान वाटते आणि बोलण्यातली मोठी. एकाच मुलाच्या या दोन भाषांतले अंतर मला कुठल्याही आकड्याइतके महत्त्वाचे वाटते.

मुलाची बुद्धिमापन चाचणी झाली. आपल्याकडे यासाठी बरीच वापरली जाते ती नागपूरच्या डॉ. मालिन यांनी १९६९ मध्ये वेक्सलरच्या चाचणीवरून भारतीय मुलांसाठी बसवलेली चाचणी. तिच्यात सहा शाब्दिक आणि पाच कृतीच्या उपचाचण्या असतात. सर्वसाधारण मुलाचा गुणांक प्रत्येकीत १०० च्या आसपास येतो. या मुलाचे शाब्दिक गुणांक असे आले: सामान्य माहिती १३२, व्यवहाराचे आकलन १३५, अंकगणित ११२, दोन गोष्टींतले साम्य सांगणे १४१, शब्दसंग्रह १३८, ऐकलेले अंक लक्षात ठेवून म्हणणे ८६. सरासरी १२४. कृतीच्या बाजूला चित्रातली उणीव ओळखणे १२१, ठोकळ्यांची रचना १३४, तुकडे जोडून वस्तू करणे ११८, चक्रव्यूह १०९ आणि संकेत भराभर उतरवून काढणे ७८. सरासरी ११२. दोन्हींची मिळून सरासरी ११८, आणि अहवालाच्या शेवटच्या ओळीत तोच एकूण बुद्ध्यांक म्हणून छापला जातो.

११८ हा आकडा वाचून कुणीही म्हणेल, बरा आहे, सरासरीहून थोडा वर. पण या मुलात ११८ असे काहीच नाही. दोन गोष्टींतले साम्य शोधण्यात तो हजारांत दोन-तीनच मुले असतात तिथे आहे. संकेत उतरवण्याच्या वेगात शंभरातली नव्वदहून अधिक मुले त्याच्या पुढे आहेत. यांची सरासरी काढणे म्हणजे एक पाय उकळत्या पाण्यात आणि दुसरा बर्फात ठेवलेल्या माणसाला ‘तुम्ही कोमट आहात’ असे सांगणे. ज्या उपचाचण्यांत स्मृतीचा आणि हाताच्या वेगाचा भाग कमी असतो अशा पाच निवडल्या, म्हणजे माहिती, आकलन, साम्य, शब्दसंग्रह आणि ठोकळे, तर त्यांची सरासरी १३६ येते. वेक्सलरच्या अलीकडच्या आवृत्त्यांमध्ये असा वेगळा निर्देशांक काढण्याची अधिकृत सोयच आहे, आणि ती याच कारणासाठी आहे.

इथे थोडे सावध राहायला हवे. मालिन यांच्या चाचणीची प्रमाणके आता पन्नासहून अधिक वर्षांची झाली आहेत. जुन्या प्रमाणकांवर आजच्या मुलांचे आकडे फुगून येतात, त्यामुळे १४१ हा आकडा कोरीव लेख समजू नये. शिवाय उपचाचण्यांमध्ये चढउतार बहुतेक सगळ्याच मुलांचे असतात. नुसत्या चढउतारावरून निदान करणारा मानसतज्ज्ञ भेटला, तर दुसऱ्याकडे जावे. आकड्यांचा आकार आणि प्रत्यक्ष वाचन-लेखनातला अडथळा एकमेकांशी जुळत असेल, तरच त्याला अर्थ आहे.

या मुलाच्या बाबतीत ते जुळत होते. सहावीच्या पातळीचा उतारा मोठ्याने वाचायला दिला तर चुका थोड्याच, पण वर्गमित्रांच्या दुप्पट वेळ. चुकाही कशा, तर अर्थ न बिघडवणाऱ्या: ‘विहिरीच्या काठावर’ ऐवजी ‘विहिरीच्या कडेला’. म्हणजे तो पहिले अक्षर बघून बाकीचा शब्द संदर्भावरून ओळखत होता. ‘मटुगसे’, ‘धिलकोर’, ‘प्रुशांडळ’ असे निरर्थक वीस शब्द दिले तेव्हा संदर्भाचा आधार गेला आणि तो नऊ ठिकाणी अडला. श्रुतलेखनात ‘सूर्यप्रकाश’चा ‘सुर्पकाश’ झाला. तोच उतारा त्याला वाचून दाखवल्यावर मात्र आकलनाच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरे त्याने दिली.

आता शाळेकडे या मुलासाठी कोणते दरवाजे आहेत ते पाहू. एक दरवाजा हुशार मुलांचा. शिष्यवृत्ती परीक्षा, डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा, ऑलिम्पियाड. या सगळ्यांची पहिली पायरी म्हणजे ठरावीक मिनिटांत छापील प्रश्न वाचून उत्तरे देणे. तिथे मोजली जाते ती बुद्धी, पण वाचनाच्या वेगाने गुणलेली. चाचणीवरून निवड होत असेल तर एकूण बुद्ध्यांक १३० च्या पुढे लागतो. हा मुलगा ११८ वर बाहेर थांबतो.

दुसरा दरवाजा मदतीचा. अध्ययन-अक्षमतेचे प्रमाणपत्र मिळण्यासाठी आपल्याकडे बहुधा ‘निम्हान्स’ या बंगळूरच्या संस्थेने तयार केलेली चाचणीमालिका वापरतात, आणि मूल आपल्या इयत्तेच्या दोन इयत्ता मागे असावे ही ढोबळ अट मानली जाते. सहावीतला हा मुलगा वाचनात पाचवीच्या पातळीवर आहे आणि शुद्धलेखनात चौथी ओलांडून पाचवीत अडखळतो आहे. दोन इयत्ता भरत नाहीत. तेव्हा अहवाल लिहितो: ‘सध्या अध्ययन-अक्षमता आढळत नाही.’ त्याची विचारशक्ती आठवी-नववीच्या मुलाची आहे आणि ती रोज पणाला लावून त्याने ही पाचवी गाठली आहे, हे मोजायला त्या अटीत जागा नाही. मोजमाप इयत्तेशी होते, मुलाच्या कुवतीशी नाही. हे मला या सगळ्या व्यवस्थेतले सर्वांत अन्यायाचे कलम वाटते. बुद्धी जितकी जास्त, तितके आपले अपंगत्व सिद्ध करणे अवघड. अमेरिकेच्या शिक्षण खात्यालाही एप्रिल २०१५ मध्ये राज्यांना पत्र पाठवून आठवण करून द्यावी लागली होती की, मूल बुद्धिमान आहे एवढ्यावरून त्याला अध्ययन-अक्षमतेच्या तपासणीतून वगळता येणार नाही.

दोन्ही दरवाजे बंद झाले की शाळेला एक स्पष्टीकरण उरते, आणि ते स्वभावाचे असते. बोलतो छान, म्हणजे डोके आहे. लिहीत नाही, म्हणजे मनच नाही. शिक्षकाच्या जागी बसून पाहिले तर हा तर्क अगदी सरळ आहे. साठ मुलांच्या वर्गात त्याला रोज दिसते ते एवढेच. म्हणून ‘आळशी’ हा शेरा लिहिणाऱ्याला मी दोष देत नाही. पण तो शेरा चौथीपासून तीन वर्षे सलग येत असेल, आणि दरवर्षी शिक्षक वेगळे असतील, तर तो शेरा आता मुलाबद्दल काहीतरी सांगतो आहे, असे मुख्याध्यापकांनी धरायला हवे.

मराठी माध्यमात हे झाकण आणखी घट्ट बसते, आणि त्याचे कारण आपल्या लिपीत आहे. देवनागरीत जसे बोलतो तसे बऱ्याच अंशी लिहितो. इंग्रजीसारखे एका अक्षराचे पाच उच्चार नाहीत. त्यामुळे वाचनाची अडचण असलेले मूलही तिसरीपर्यंत अक्षरांची ओळख पक्की करते आणि वाचू लागते. ते चुकीचे वाचत नाही, हळू वाचते. ‘वाचता येते का’ या प्रश्नाला उत्तर ‘हो’ असे मिळते आणि ‘किती वेळात’ हे कुणी विचारत नाही. लेखनात अडचण दिसते ती ऱ्हस्व-दीर्घात, रफारात, जोडाक्षरांत आणि अनुस्वारांत. आणि या चुका तर सगळेच करतात, दुकानांच्या पाट्यांपासून लग्नपत्रिकांपर्यंत. सर्वांच्या चुकांत त्याच्याही चुका मिसळून जातात. फरक असतो तो प्रकाराचा. इतर मुले ‘निरीक्षण’मधला ‘री’ ऱ्हस्व लिहितात. या मुलाच्या शब्दातून एखादे अक्षरच गळते, आणि एकाच पानावर तोच शब्द तो तीन तऱ्हांनी लिहितो.

मग एके दिवशी पाठांतराची आणि अंदाजाची शिदोरी पुरत नाही. बहुधा ते पाचवी-सहावीत घडते. इंग्रजीत वाचायचे विषय वाढतात, उत्तरे ओळीवरून परिच्छेदावर जातात आणि आईने धडा वाचून दाखवून भागेनासे होते. आदल्या वर्षीपर्यंत वर्गात सारखा हात वर करणारा मुलगा मागच्या बाकावर जाऊन बसतो, वही घरी विसरतो, परीक्षेच्या सकाळी त्याचे पोट दुखते. पालक म्हणतात, वय वाढले, संगत बिघडली. तपासायला हवे ते दप्तर.

शिक्षकाला हे ओळखता येईल का? निदान करता येणार नाही, पण संशय घेता येईल, आणि त्यासाठी एक तास पुरतो. मुलाच्या इयत्तेचे दोन अपरिचित उतारे घ्यावेत, सारख्याच अवघडपणाचे. पहिला त्याने मनात वाचावा, वेळ टिपावा, आणि पाच प्रश्नांची उत्तरे लिहून घ्यावीत. दुसरा आपण वाचून दाखवावा आणि पाच प्रश्न तोंडी विचारावेत. लेखी दोन आणि तोंडी पाच असा फरक पडत असेल, तर ती तफावत तारखेसह लिहून ठेवावी. आठवड्याने वेगळ्या विषयाचे उतारे घेऊन पुन्हा पाहावे. एकदाच पडलेला फरक थकव्याचाही असू शकतो. डोळे आणि कान आधी तपासून घ्यावेत. मूल नुकतेच एका माध्यमातून दुसऱ्यात आले असेल, किंवा शाळा बुडत असेल, तर ही तफावत त्यामुळेही येते. आणि हेही सांगून ठेवतो की, प्रत्येक गचाळ अक्षरामागे प्रज्ञा दडलेली नसते. काही मुलांनी खरोखरच अभ्यास केलेला नसतो. पण तोंडी विचारल्यावर त्यांनाही उत्तर येत नाही, आणि तेवढ्याने ती वेगळी काढता येतात.

तफावत कायम दिसली तर पुढे काय, याबद्दल या पुस्तकात सविस्तर येईलच. मी इथे एकाच चुकीबद्दल लिहितो, कारण चांगल्या हेतूने केली जाणारी तीच सर्वांत मोठी चूक आहे. मुलाची अडचण कळली की शाळा त्याला विज्ञान मंडळातून, बुद्धिबळातून किंवा नाटकातून काढते आणि तो तास उपचारात्मक वाचनाला देते. आधी वाचन सुधार, मग बाकीचे. म्हणजे ज्या एका ठिकाणी तो कुणीतरी होता तेच काढून घेतले, आणि ज्या ठिकाणी तो सर्वांच्या मागे आहे तिथे दुप्पट वेळ बसवले. बाऊम यांच्या कामाचा सारा भर याच्या उलट आहे: बुद्धीला खाद्य आधी, आणि वाचन-लेखनाची मदत त्याच्या बरोबरीने. माठाबद्दल तसा विचार करणाऱ्या मुलाला रत्नागिरीच्या आणि नागपूरच्या हवेतली आर्द्रता महिनाभर नोंदवायला सांगितली, तर त्यासाठी लागणारे वाचन तो करेल. त्याला हळू वाचावे लागेल, पण वाचेल.

सवलतींनाही हेच लागू आहे. आपल्या राज्यात अध्ययन-अक्षम विद्यार्थ्यांना दहावीच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती बऱ्याच वर्षांपासून आहेत, आणि त्या देणारे महाराष्ट्र हे सुरुवातीच्या राज्यांपैकी एक. त्यांत बीजगणित-भूमितीऐवजी खालच्या इयत्तेचे अंकगणित घेण्याची मुभाही मिळत आली आहे. ज्याला आकड्यांचीच अडचण आहे त्याला ती हवीच. पण भूमितीत रमणाऱ्या आणि फक्त लेखनात अडणाऱ्या मुलाने, मिळते आहे म्हणून ती घेतली, तर पुढची विज्ञान शाखा त्याने आपल्या हाताने बंद केली असे होते. सवलतींची यादी संपूर्ण घ्यायची नसते. जिथे अडते तिथलीच घ्यायची.

पुण्यात अप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये ज्ञान प्रबोधिनी सुरू केली, तेव्हापासून प्रज्ञावंत मुलांची वेगळी निवड आणि वेगळे शिक्षण हा विषय महाराष्ट्राला परका राहिलेला नाही. दुसरीकडे मुंबईतल्या सार्वजनिक रुग्णालयांत अध्ययन-अक्षमतेची तपासणी वर्षानुवर्षे होते आहे. दोन्ही बाजूंचे ज्ञान आपल्याकडे आहे. पण प्रज्ञेच्या चाचणीनंतर ‘याला लिहायला त्रास होतो का’ आणि अक्षमतेच्या चाचणीनंतर ‘याचा सर्वांत वरचा गुणांक कुठे आहे’ हे प्रश्न फॉर्मवर छापलेले नसतात. छापायला खर्च येत नाही.

कायदा आता शाळेला सबब ठेवत नाही. १९९५ च्या अपंगत्वविषयक कायद्यात अध्ययन-अक्षमतेचा समावेश नव्हता. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात तो झाला, आणि त्याच्या कलम १६ ने मुलांमधली अध्ययन-अक्षमता लवकरात लवकर ओळखून शिकवण्याच्या पद्धतीत योग्य ते बदल करणे हे शिक्षणसंस्थांचे काम ठरवले. लवकर ओळखण्याची ही जबाबदारी मुलाचे गुण किती आहेत यावर अवलंबून ठेवलेली नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विकास कुमार यांच्या खटल्यात एक पाऊल पुढे टाकले. चाळीस टक्के अपंगत्वाचे प्रमाणपत्र नाही एवढ्या कारणावरून लिहिण्याची अडचण असलेल्या उमेदवाराला लेखनिक नाकारता येणार नाही, असे न्यायालयाने सांगितले. तो खटला स्पर्धा परीक्षेचा होता. शाळांनी तो आपल्यापुरता वाचायला हरकत नाही.

हे पुस्तक हाती घेणाऱ्या शिक्षकांना माझी एक विनंती आहे. आपल्या वर्गातल्या ज्या मुलाच्या प्रगतिपुस्तकावर तुम्ही यंदा ‘हुशार आहे, पण’ असे लिहिणार आहात, त्याची एक घटक चाचणी तोंडी घ्या. लेखी गुण आणि तोंडी गुण शेजारी शेजारी लिहा, आणि तो कागद पालकांना दाखवून मुलाच्या नोंदींत लावून ठेवा. पुढच्या वर्षीच्या शिक्षकांना तो लागेल.